किटवरची फिकट रेघ: मांजराच्या फेल्व्ही आणि एफआयव्ही तपासणीचे निकाल जुळत नाहीत तेव्हा

दीड वर्षाचा एक भटका बोका. मानेवर चावल्याची ताजी जखम, त्यात पू, अंगात थोडा ताप. ज्या ताईंनी त्याला उचलून आणलं त्यांच्या घरी आधीच दोन मांजरं होती, म्हणून त्याला घरात मोकळा सोडण्याआधी फेल्व्ही आणि एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंसाठी रक्त तपासायचं ठरलं. किट नीट चाललं हे दाखवणारी कंट्रोलची रेघ ठळक आली. एफआयव्हीच्या जागी काहीच नाही. फेल्व्हीच्या जागी मात्र एक रेघ होती, इतकी फिकट की किट उजेडाकडे तिरकं धरल्यावरच दिसावी.

"डॉक्टर, ही रेघ धरायची की सोडायची?" ताईंनी विचारलं.

धरायची. पण तिच्यावरून बोक्याचं भवितव्य ठरवायचं नाही. आणि एफआयव्हीच्या जागी काही दिसलं नाही म्हणून तिकडे निश्चिंतही व्हायचं नाही. या बोक्याच्या पुढच्या सोळा आठवड्यांत काय काय तपासलं, का तपासलं आणि प्रत्येक निकालाचा अर्थ कसा लावला, हे क्रमाने सांगतो. जुळत नसलेले निकाल हातात आले की बहुतेकांचा गोंधळ एकाच ठिकाणी होतो. "पुन्हा तपासणी करा" हे तीन शब्द तीन वेगवेगळ्या कारणांसाठी सांगितले जातात. आपली पुन्हा तपासणी त्यातल्या कोणत्या कारणासाठी आहे, हे विचारायचं राहून जातं.

## दोन रेघा काय शोधतात

फेल्व्ही म्हणजे फेलाइन ल्युकेमिया व्हायरस आणि एफआयव्ही म्हणजे फेलाइन इम्युनोडेफिशियन्सी व्हायरस. दोन्ही रेट्रोव्हायरस आहेत, म्हणजे आपली जनुकीय प्रत मांजराच्या पेशींच्या डीएनएमध्ये घुसवून ठेवतात. दोन्ही माणसाला होत नाहीत. पहिला १९६४ साली ग्लासगोमध्ये सापडला. दुसरा सापडला १९८६ साली कॅलिफोर्नियात. तिथे एकत्र पाळलेल्या काही मांजरांची प्रतिकारशक्ती ढासळत होती आणि लक्षणं फेल्व्हीसारखी होती, पण फेल्व्हीची तपासणी मात्र निगेटिव्ह येत होती. म्हणजे एफआयव्हीचा शोधच मुळी न जुळणाऱ्या निकालांतून लागला.

एकाच किटवर शेजारी शेजारी रेघा उमटतात म्हणून दोन्ही तपासण्या सारख्याच वाटतात. तशा त्या नाहीत. फेल्व्हीची रेघ विषाणूचंच एक प्रथिन शोधते, पी २७ नावाचं अँटिजेन. ते रक्तात असेल तर विषाणू त्या दिवशी मांजराच्या शरीरात तयार होतो आहे. एफआयव्हीची रेघ विषाणूला पाहतच नाही. ती मांजराने त्याच्याविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी पाहते. एफआयव्ही एकदा झाला की सहसा जन्मभर राहतो, त्यामुळे अँटिबॉडी आहे म्हणजे संसर्ग आहे असा तर्क इथे लावता येतो. फेल्व्हीबाबत तसा तर्क चालत नाही, कारण काही मांजरं त्या विषाणूला पुरतं हरवतात, काही त्याला दाबून ठेवतात आणि काही त्याच्यापुढे हरतात.

पुढचं सगळं या फरकातून निघतं, म्हणून तेवढं डोक्यात पक्कं ठेवा.

## आधी संशय किटवर घ्या

फिकट रेघ दिसली की पहिलं काम म्हणजे ती कशी उमटली हे तपासणं. किट फ्रिजमधून काढून लगेच वापरलं होतं का? बहुतेक किट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय नीट चालत नाहीत. मुदत संपली होती का? निकाल नेमका किती मिनिटांनी वाचला? माहितीपत्रकात दहा मिनिटं लिहिलं असेल तर दहाच. टेबलावर विसरलेल्या किटवर अर्ध्या तासाने उगवलेली रेघ हा निकाल नव्हे. याच्या उलट, ठरलेल्या वेळेत उमटलेली रेघ कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच वाचायची. "जरासाच पॉझिटिव्ह" असं काही नसतं. रेघेच्या गडदपणावरून आजाराची तीव्रता ठरवायची सवय बऱ्याच जणांना असते. दवाखान्यातल्या किटवर तसं करू नये. गडद रेघेमागे सहसा अँटिजेन जास्त असतं हे खरं, पण रक्त किती पडलं आणि ते किती चांगलं होतं यावरही रंग बदलतो.

नमुना कोणता होता, हेही विचारा. फेल्व्हीसाठी रक्तच हवं. लाळेवर किंवा अश्रूंवर केलेल्या अँटिजेन तपासणीवर मी विसंबत नाही. संपूर्ण रक्तापेक्षा पेशी काढून उरलेला द्रव, म्हणजे सीरम किंवा प्लाझ्मा, बरा, कारण रक्तपेशी फुटून नमुना लालसर झाला की पार्श्वभूमी गढूळ होते आणि नसलेली रेघ दिसल्यासारखी वाटते.

आमच्या बोक्याचा पहिला नमुना संपूर्ण रक्ताचा होता, तोही घाबरलेल्या जनावराच्या पायातून कसाबसा काढलेला. म्हणून त्याच दिवशी त्याला शांत करून पुन्हा रक्त काढलं, प्लाझ्मा वेगळा केला आणि दुसऱ्या बनावटीच्या किटवर तपासला. पुन्हा फेल्व्हीची रेघ आली. या वेळी फिकटच, पण तिरकं न धरता दिसणारी.

ही पहिल्या कारणाची पुन्हा तपासणी. तिचा प्रश्न एवढाच: किटने पाहिलं ते खरंच रक्तात होतं का? यासाठी महिनाभर थांबायची गरज नसते. उलट लगेच केलेली बरी.

## निरोगी मांजराचं पॉझिटिव्ह जास्त तपासावं लागतं

हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून थोडा हिशेब मांडतो. समजा एक किट संसर्ग असलेलं एकही मांजर सोडत नाही, पण संसर्ग नसलेल्या दर १०० मांजरांमागे २ जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणतं. आता १००० निरोगी दिसणारी, घरात वाढलेली मांजरं तपासली आणि त्यांच्यातली फक्त १० खरोखर संसर्गित असली, तर खरे पॉझिटिव्ह १० आणि उरलेल्या ९९० मधले चुकीचे सुमारे २०. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या ३० पैकी २० मांजरांना आजारच नाही.

तेच किट आजारी, भटक्या, मारामाऱ्या करणाऱ्या १००० मांजरांवर वापरलं आणि त्यांच्यात २०० संसर्गित असली, तर खरे पॉझिटिव्ह २०० आणि चुकीचे १६. इथे पॉझिटिव्हवर बराच विश्वास ठेवता येतो. किट तेच आहे. बदलली ती मांजरं.

निगेटिव्हचं गणित दोन्हीकडे सोपं असतं. संसर्ग विरळ असतो तिथे निगेटिव्ह जवळजवळ नेहमी खरं निघतं. त्याला अपवाद मुख्यतः एकच, तपासणी फार लवकर केली असेल तर. त्याकडे पुढे येतो.

आमचा बोका या दोन गटांच्या मधला. भटका, चावलेला, पण फेल्व्हीची ठळक लक्षणं नसलेला. दोन वेगळ्या किटवर रेघ आल्यामुळे चुकीच्या पॉझिटिव्हची शक्यता खूप घटली होती. तरीही ती संपली नव्हती.

## प्रयोगशाळेत कोणती तपासणी पाठवायची

इथे दोन वाटा आहेत. जुनी वाट म्हणजे आयएफए. रक्ताची काच बनवून पांढऱ्या पेशींमध्ये आणि प्लेटलेटमध्ये फेल्व्हीचं प्रथिन आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींमध्ये ते दिसतं तेव्हा विषाणू अस्थिमज्जेपर्यंत पोहोचलेला असतो, म्हणजे संसर्ग खोल गेलेला असतो. मर्यादा अशी की संसर्ग नुकताच झालेला असेल तर ही तपासणी निगेटिव्ह येते. आणि ज्या मांजराच्या पांढऱ्या पेशी आधीच फार कमी झाल्या आहेत, त्याच्या काचेवर पाहायला पेशीच नसतात. फेल्व्हीच्या गंभीर रुग्णात नेमकं हेच होतं.

दुसरी वाट पीसीआरची. तिच्यात विषाणूची पेशींच्या डीएनएमध्ये घुसलेली प्रत शोधतात. तिला प्रोव्हायरस म्हणतात. यासाठी रक्त गोठू न देणारं ईडीटीए असलेल्या नळीत संपूर्ण रक्त लागतं, कारण हवी असते ती पेशींमधली प्रत. वेगळा केलेला सीरम इथे उपयोगी नाही. शक्य असेल तर फक्त "आहे" किंवा "नाही" सांगणारी पीसीआर न मागवता प्रोव्हायरसचं प्रमाण मोजणारी मागवा. थोडा खर्च वाढतो, पण पुढच्या सगळ्या निर्णयांना तोच आकडा आधार देतो. प्रचलित असलेल्या एका मोजणीत मिलिलिटरमागे सुमारे दहा लाख प्रती ही कमी आणि जास्त यांच्यातली सीमा धरतात. प्रत्येक प्रयोगशाळेची पद्धत आणि एकक वेगळं असू शकतं, म्हणून एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

बोक्याचं रक्त पीसीआरला गेलं. चौथ्या दिवशी अहवाल आला: प्रोव्हायरस सापडला, प्रमाण कमी.

## निकाल जुळत नाहीत तेव्हा नेमकं काय घडलेलं असतं

फेल्व्ही मांजराच्या तोंडातून शिरला की आधी घशाजवळच्या लसिकाग्रंथींत वाढतो, मग रक्तात उतरतो. पुढे काय होतं ते मांजराची प्रतिकारशक्ती ठरवते. काही मांजरं त्याला घशातच संपवतात. त्यांच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह येतात आणि कधी गाठ पडली होती हे कळतही नाही. काहींमध्ये विषाणू रक्तात येतो, काही आठवडे अँटिजेन दिसतं, मग शरीर उत्पादन थांबवतं. पण तोवर प्रती पेशींच्या डीएनएमध्ये शिरलेल्या असतात आणि त्या तिथेच राहतात. याला रिग्रेसिव्ह संसर्ग म्हणतात. उरलेल्यांमध्ये विषाणू अस्थिमज्जा व्यापतो आणि कायम तयार होत राहतो. तो प्रोग्रेसिव्ह संसर्ग. लिम्फोमा, रक्तक्षय आणि वारंवारचे संसर्ग ज्यांच्या वाट्याला येतात ती मांजरं बहुतांशी या शेवटच्या गटातली.

आता अहवाल वाचू.

अँटिजेन पॉझिटिव्ह आणि प्रोव्हायरस भरपूर असेल तर दोन्ही निकाल एकच सांगतात. तो प्रोग्रेसिव्ह असण्याची शक्यता मोठी. तरी संसर्ग ताजा असेल तर त्या घडीला रिग्रेसिव्हकडे जाणारं मांजरही असंच दिसू शकतं, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा पाहावं.

अँटिजेन निगेटिव्ह आणि पीसीआर पॉझिटिव्ह आली की मालक म्हणतात, "एक तपासणी नाही म्हणते, दुसरी हो म्हणते, म्हणजे कुणीतरी चुकलं." इथे बहुतेक वेळा कुणीच चुकलेलं नसतं. विषाणू तयार होत नाही हे पहिली सांगते, त्याची प्रत पेशींत आहे हे दुसरी सांगते. ही रिग्रेसिव्ह संसर्गाची नेहमीची खूण आहे. क्वचित ती अगदी सुरुवातीच्या दिवसांचीही असते, कारण पीसीआर अँटिजेनच्या आधी पॉझिटिव्ह होऊ शकते.

अँटिजेन पॉझिटिव्ह आणि पीसीआर निगेटिव्ह. सगळ्यात जास्त डोकं खाजवायला लावणारी जोडी हीच. पहिली शक्यता, अँटिजेनचं पॉझिटिव्ह चुकीचं होतं. निरोगी मांजरात हीच आधी धरावी. दुसरी, प्रोव्हायरस इतका कमी आहे की तपासणीच्या पकडीत येत नाही. तिसरी दुर्मीळ, विषाणू रक्तपेशींत नसून शरीराच्या एखाद्या कोपऱ्यात, जसं स्तनग्रंथीत किंवा मूत्राशयात, तग धरून आहे आणि तिथून प्रथिन रक्तात सोडतो आहे. अहवाल कितीही वेळा वाचला तरी या तिन्हींतला फरक त्यातून कळत नाही. तो काळच सांगतो.

आणि आमच्या बोक्याची जोडी: अँटिजेन पॉझिटिव्ह, प्रोव्हायरस कमी. ही मधली अवस्था. रिग्रेसिव्हकडे निघालेलं मांजर वाटेत असंच दिसतं. नुकतंच संसर्गित झालेलं, पुढे प्रोग्रेसिव्ह होणारं मांजरही पहिल्या आठवड्यांत असंच दिसू शकतं. त्या दिवशी खरं उत्तर "माहीत नाही" हेच होतं आणि ताईंना मी तेच सांगितलं.

## घड्याळ कुठून सुरू करायचं

दुसऱ्या कारणाची पुन्हा तपासणी खिडकीसाठी असते. संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत काही दिवस जातात. फेल्व्हीचं अँटिजेन बहुतेक मांजरांत ३० दिवसांच्या आत दिसतं. एफआयव्हीची अँटिबॉडी बहुतेकांत ६० दिवसांच्या आत तयार होते, क्वचित त्याहून उशिरा. म्हणून संशयित संपर्कानंतर केलेलं निगेटिव्ह पक्कं करायचं तर फेल्व्हीसाठी किमान ३० आणि एफआयव्हीसाठी किमान ६० दिवस जाऊ द्यावे लागतात.

इथे एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती ठासून सांगतो. हे दिवस पहिल्या तपासणीपासून मोजायचे नसतात. ते शेवटच्या संभाव्य संपर्कापासून मोजायचे असतात. मांजर तपासणीनंतरही संसर्गित मांजराच्या भांड्यात खात राहिलं किंवा रात्री बाहेर मारामाऱ्या करत राहिलं, तर घड्याळ रोज शून्यावर येतं. तीसाव्या दिवशीचं निगेटिव्ह मग काहीच सांगत नाही.

बोक्याची एफआयव्ही रेघ निगेटिव्ह होती आणि मानेवर चावल्याची ताजी जखम होती. एफआयव्ही पसरतो तो प्रामुख्याने खोल चाव्यातून. म्हणजे त्या जखमेतून विषाणू शिरला असेल तर त्या दिवशी तो किटला दिसणं शक्यच नव्हतं. एफआयव्हीची तारीख जखमेपासून ६० दिवसांवर लावली.

तिसऱ्या कारणाची पुन्हा तपासणी दिशा पाहण्यासाठी असते. पॉझिटिव्ह खरं आहे हे कळलेलं असतं, पण मांजर कोणत्या वाटेने चाललं आहे हे पाहायचं असतं. फेल्व्हीत त्यासाठी सहा आठवड्यांनी पाहणं सोयीचं. तेव्हाही चित्र धूसर असेल तर सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबावं, कारण रिग्रेसिव्ह होणारी बहुतेक मांजरं तोवर अँटिजेन झटकून टाकतात. या तपासणीला पहिल्यासारखाच नमुना, तीच पद्धत आणि तीच प्रयोगशाळा हवी. वेगळ्या किटवर आलेला वेगळा रंग ही दिशा नव्हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सहा आठवड्यांनी निकाल बदलला म्हणजे पहिला निकाल खोटा होता असं नाही. दोन्ही खरे असू शकतात, आपापल्या दिवशी.

## मधल्या काळात बोका कुठे ठेवायचा

स्वतंत्र खोलीत. स्वतंत्र भांडी, स्वतंत्र लिटर ट्रे. फेल्व्ही लाळेतून पसरतो, एकमेकांना चाटण्यातून, एकाच वाटीतून खाण्यातून, आणि लघवी, शी, दूध यांतूनही. शरीराबाहेर मात्र तो फार काळ टिकत नाही, साबणाने धुतलं की संपतो. खोलीतून बाहेर पडताना हात धुवायचे, एवढ्यावर भागतं.

घरातल्या दोन्ही मांजरांची तपासणी करून त्यांना फेल्व्हीची लस द्यायची होती. लसीआधी रक्त काढलं. लसीमुळे मांजर नंतर कायमचं पॉझिटिव्ह दिसत नाही, पण लस टोचल्यानंतर लगेच घेतलेल्या रक्तात लसीतलंच अँटिजेन थोडा काळ दिसू शकतं. दोघी निगेटिव्ह आल्या. ज्याला संसर्ग आहे त्याला लस देऊन उपयोग नसतो, म्हणूनही आधी तपासणी.

## सहावा आणि सोळावा आठवडा

सहाव्या आठवड्यात जखम भरली होती, वजन वाढलं होतं. प्लाझ्मावर त्याच किटने तपासलं: फेल्व्ही निगेटिव्ह. पीसीआर: प्रोव्हायरस पॉझिटिव्ह, प्रमाण कमीच, पहिल्यापेक्षाही खाली.

ताईंचा फोन आला तेव्हा त्या रडत होत्या, आनंदाने. "म्हणजे बरा झाला ना?" मी म्हटलं, विषाणू तयार होणं थांबलेलं दिसतं, पण त्याची प्रत शरीरातून गेली नाही. आणि अजून एक तपासणी बाकी आहे, तोवर खोली बदलायची नाही. त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी ऐकलं.

एफआयव्हीची तपासणी ६० दिवसांनंतर झाली, निगेटिव्ह. मधल्या काळात बोका एकटाच होता, त्यामुळे या निगेटिव्हवर विश्वास ठेवता आला.

सोळाव्या आठवड्यात अँटिजेन पुन्हा निगेटिव्ह, प्रोव्हायरस पुन्हा कमी. आता चित्र स्पष्ट होतं: रिग्रेसिव्ह संसर्ग. असं मांजर लाळेतून विषाणू सोडत नाही. त्याला घरातल्या दोघींबरोबर ठेवता आलं. त्या दोघींची लस मात्र चालू ठेवायची, कारण दाबून ठेवलेला विषाणू क्वचित पुन्हा जागा होतो. प्रतिकारशक्ती ढासळवणारा मोठा आजार किंवा तिला दाबणारी औषधं ही त्याची ओळखीची कारणं.

## एफआयव्हीत गोंधळ वेगळ्या जागी होतो

इथे अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि पीसीआर निगेटिव्ह अशी जोडी आली की लोक पीसीआरवर विश्वास ठेवतात, ती आधुनिक वाटते म्हणून. फेल्व्हीत पीसीआर बारीक संसर्गही पकडते, पण एफआयव्हीत ती बऱ्याचदा चुकते. या विषाणूचे अनेक उपप्रकार आहेत आणि त्यांच्या जनुकीय अनुक्रमात फरक असतो. एका उपप्रकारासाठी बनवलेली पीसीआर दुसऱ्याला ओळखत नाही. शिवाय लक्षणं नसलेल्या मांजराच्या रक्तात विषाणू फार थोडा असतो. म्हणून एफआयव्हीची पॉझिटिव्ह पीसीआर कामाची, पण निगेटिव्ह पीसीआरने पॉझिटिव्ह अँटिबॉडी खोडून काढता येत नाही. अशा वेळी वेगळ्या पद्धतीच्या किटवर अँटिबॉडीच पुन्हा तपासावी. तीही पॉझिटिव्ह आली तर, पुढे सांगतो ते दोन अपवाद सोडून, संसर्ग मान्य करावा.

पहिला अपवाद पिल्लं. आईला एफआयव्ही असेल तर तिच्या दुधातून अँटिबॉडी पिल्लाच्या रक्तात येते आणि किट ती आईची की पिल्लाची हे ओळखू शकत नाही. दहा आठवड्यांचं पिल्लू पॉझिटिव्ह आलं म्हणजे बहुधा त्याची आई संसर्गित किंवा लस घेतलेली आहे, एवढंच कळतं. प्रत्यक्षात आईकडून पिल्लाला संसर्ग क्वचित होतो. आईच्या अँटिबॉडी सहा महिन्यांपर्यंत विरून जातात, म्हणून पिल्लू सहा महिन्यांचं झालं की पुन्हा तपासायचं. तेव्हा निगेटिव्ह आलं तर विषय संपला, पॉझिटिव्ह राहिलं तर संसर्ग खरा. एका पॉझिटिव्ह रेघेवरून पिल्लाला संपवायचा सल्ला अजूनही कुठे कुठे दिला जातो, तो चुकीचा आहे. फेल्व्हीला हा नियम लागत नाही. तिथे किट विषाणूचंच प्रथिन शोधतं, आईची अँटिबॉडी मध्ये येत नाही, त्यामुळे पिल्लाची तपासणी कोणत्याही वयात करता येते.

दुसरा अपवाद लस. एफआयव्हीची एक लस २००२ मध्ये अमेरिकेत आली आणि नंतर तिथून मागे घेतली गेली, पण काही देशांत ती वापरली गेली आहे. ती घेतलेलं मांजर अनेक किटवर वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह दिसू शकतं. परदेशातून आणलेल्या किंवा पूर्वेतिहास माहीत नसलेल्या मांजरात हे विचारात घ्यावं. काही किट लस घेतलेलं आणि संसर्गित मांजर वेगळं करण्यात बरीच चांगली आहेत, म्हणून अशा वेळी कोणत्या किटवर निकाल आला ते प्रयोगशाळेला जरूर विचारा.

एक उलटी गोष्टही ध्यानात ठेवा. एफआयव्हीच्या शेवटच्या टप्प्यात प्रतिकारशक्ती इतकी थकते की अँटिबॉडीच बनत नाही. तोंड सतत सुजलेलं, वजन घसरलेलं, वारंवार आजारी पडणारं मांजर आणि निगेटिव्ह किट अशी जोडी दिसली तर पीसीआर करून पाहण्यात अर्थ आहे.

## कार्डावर काय लिहायचं

तपासणीचा अहवाल फाइलमध्ये राहतो आणि पुढच्या डॉक्टरांच्या हाती फक्त "फेल्व्ही पॉझिटिव्ह" किंवा "निगेटिव्ह" एवढा एक शब्द पोहोचतो. दोन्ही शब्द या बोक्यासाठी अपुरे. म्हणून त्याच्या आरोग्यकार्डावर प्रत्येक तपासणीची तारीख, पद्धत आणि नमुना लिहिला, शेवटच्या संभाव्य संपर्काची तारीख लिहिली आणि खाली लाल शाईने तीन ओळी: रिग्रेसिव्ह फेल्व्ही, अँटिजेन निगेटिव्ह, प्रोव्हायरस कमी. रक्तदाता म्हणून कधीही वापरू नये, कारण त्याच्या रक्तातून प्रत दुसऱ्या मांजरात जाऊ शकते. दीर्घकाळ स्टेरॉइड देण्याआधी अँटिजेन पुन्हा तपासावं.

ताईंनी त्या कार्डाचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या दोघींच्या कार्डांशेजारी फ्रिजवर लावला, आणि त्यावर पुढच्या वर्षीच्या तपासणीची तारीख स्वतःच्या अक्षरात लिहिली.